८३ ची फायनल गावात खरंच ‘लाइव्ह’ दिसली होती का? सामन्याचं वर्ष, चॅनेल आणि आवाज कसा तपासायचा

जून महिना आला की एक पोस्ट हमखास फिरू लागते. कपिल देवच्या हातात वर्ल्ड कप असलेला फोटो आणि खाली साधारण असा मजकूर : ‘२५ जून १९८३. डीडी नॅशनलवर लाइव्ह. अख्खा गाव एका टीव्हीसमोर. आणि तो बाळ पंडितांचा आवाज!’ गावाचं नाव प्रत्येक ग्रुपमध्ये वेगळं असतं. खाली ‘आम्ही पण पाहिली’ म्हणणाऱ्यांची रांग लागते.

या चार वाक्यांत किमान तीन वेगवेगळे दावे आहेत : तारखेचा, चॅनेलचा आणि आवाजाचा. चौथा दावा गावाच्या नावात दडलेला असतो, तो म्हणजे त्या गावापर्यंत चित्र पोहोचत होतं. हे चारही एकदम खरे किंवा एकदम खोटे निघत नाहीत. प्रत्येकाचा पुरावा वेगळ्या ठिकाणी असतो. म्हणून एक गाव धरून हीच पोस्ट तपासून पाहू. गाव घेऊ इंदापूर तालुक्यातलं निमगाव केतकी. बारामती-इंदापूर रस्त्यावरचं, विड्याच्या पानांसाठी ओळखलं जाणारं आणि तुकोबांच्या पालखीच्या वाटेवरचं.

तारीख : हे सगळ्यात सोपं

अंतिम सामना शनिवारी, २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर झाला. तेव्हा वर्ल्ड कपचे सामने ६० षटकांचे होते. भारत १८३ वर बाद झाला, वेस्ट इंडीज १४० वर, आणि भारत ४३ धावांनी जिंकला. हे कोणत्याही धावफलकावर सापडतं. इंग्लंडची उन्हाळी वेळ भारताच्या साडेचार तास मागे असते, त्यामुळे सामना भारतात दुपारी सुरू झाला आणि शेवटची विकेट पडली तेव्हा इथे मध्यरात्र जवळ आली होती.

ही वेळ लक्षात ठेवा, कारण आठवणी तपासायला ती तारखेपेक्षा जास्त उपयोगी पडते. माणसं वर्ष विसरतात. पण मॅच संपली तेव्हा बाहेर ऊन होतं की अंधार, हे सहसा विसरत नाहीत.

दूरदर्शनने त्या स्पर्धेतला भारताचा उपांत्य सामना (२२ जून, ओल्ड ट्रॅफर्ड) आणि अंतिम सामना थेट दाखवला होता. पण म्हणून भारताचे सगळेच सामने दिसले असं नाही. १८ जूनला टनब्रिज वेल्सला झिम्बाब्वेविरुद्ध कपिलने नाबाद १७५ धावा केल्या. त्या डावाचं टीव्ही चित्रीकरण उपलब्ध नाही. त्याचं कारण म्हणून बीबीसीच्या संपाची गोष्ट सांगितली जाते. कारण काहीही असो, ‘कपिलच्या १७५ चा दुर्मिळ व्हिडिओ’ म्हणून जे फिरतं, ते त्या डावाचं नसतं. ‘८३’ हा हिंदी चित्रपट डिसेंबर २०२१ मध्ये आला. त्यात तो डाव पुन्हा उभा केला आहे, आणि त्यातले तुकडे रंग फिके करून जुने म्हणून खपवले जातात. रणवीर सिंगचा चेहरा ओळखू येऊ नये म्हणून क्लिप लांबून कापलेली असते. इतकी मेहनत घेतलेली दिसली की संशय घ्यायला हरकत नाही.

म्हणजे पहिल्या दाव्यापुरती पोस्ट बरोबर : तारीख खरी, थेट प्रक्षेपण खरं.

चॅनेल : तेव्हा ‘कोणत्या चॅनेलवर’ हा प्रश्नच नव्हता

१९८३ साली भारतात टीव्ही म्हणजे दूरदर्शन, आणि महाराष्ट्रात दूरदर्शन म्हणजे मुंबई केंद्र. हे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि मुंबईचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. दिल्लीहून देशभर एकच राष्ट्रीय कार्यक्रम दाखवायची पद्धत १५ ऑगस्ट १९८२ पासूनची. रंगीत प्रक्षेपणही त्याच वर्षी आलं, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या दिल्लीच्या एशियाडमुळे ते घराघरांत माहीत झालं.

पोस्टमधलं ‘डीडी नॅशनल’ हे नाव मात्र नंतरचं आहे. दूरदर्शनला दुसरी वाहिनी मिळाली ती १९८४ मध्ये, तीही आधी दिल्लीत. दुसरी आल्याशिवाय पहिलीला ‘पहिली’ म्हणायची वेळ येत नाही. त्यामुळे १९८३ च्या कोणत्याही खऱ्या कागदावर, मग तो वर्तमानपत्रातला कार्यक्रमांचा रकाना असो की मासिकातली जाहिरात, ‘दूरदर्शन’ किंवा ‘मुंबई दूरदर्शन’ असंच नाव दिसेल. जुन्या दिवसाचं म्हणून फिरणाऱ्या कात्रणावर ‘डीडी नॅशनल’ छापलेलं असेल, तर ते कात्रण अलीकडे बनवलेलं आहे.

हीच कसोटी इतर वाहिन्यांना लावता येते. झी टीव्ही ऑक्टोबर १९९२ मध्ये आला. डीडी स्पोर्ट्स मार्च १९९८ मध्ये. म्हणून ‘शारजातली मियांदादची सिक्सर डीडी स्पोर्ट्सवर पाहिली’ हे वाक्य जुळत नाही. तो सामना १८ एप्रिल १९८६ चा, आणि तेव्हा डीडी स्पोर्ट्स नव्हतंच. सांगणाऱ्याने सिक्सर पाहिली नाही असा याचा अर्थ होत नाही. त्याने दूरदर्शनवर पाहिली आणि नाव आजचं वापरलं, एवढंच.

मनोरा : इथे गाव महत्त्वाचं ठरतं

आता अवघड भाग. सामना दूरदर्शनवर थेट होता हे खरं. पण निमगाव केतकीत तो दिसू शकत होता का?

आज छतावर ताटली लावली की चित्र थेट उपग्रहावरून येतं. १९८३ मध्ये तसं नव्हतं. लंडनहून चित्र उपग्रहामार्गे देशातल्या भूकेंद्रात उतरायचं, तिथून दूरदर्शनकडे जायचं आणि शेवटी एखाद्या डोंगरावरच्या मनोऱ्यातून घराच्या अँटेनापर्यंत पोहोचायचं. परदेशाशी उपग्रहाने जोडणारं एक मोठं भूकेंद्र १९७१ पासून पुणे जिल्ह्यातच, जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला होतं. गंमत अशी की त्या भूकेंद्राच्या शेजारी घर असून उपयोग नव्हता. घरातल्या टीव्हीला हवा होता तो मनोरा.

निमगावला सगळ्यात उपयोगाचा मनोरा सिंहगडचा. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. जमीन गोल असल्यामुळे एका अंतरानंतर ती मध्ये येते. हे अंतर काढायचा ढोबळ हिशेब सोपा आहे : उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ४.१ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. मनोऱ्याचं आणि अँटेनाचं असं वेगवेगळं उत्तर काढून बेरीज करायची.

सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच. इंदापूरकडची जमीन पाचशे-साडेपाचशे मीटरवर. म्हणजे फरक साधारण पावणेआठशे मीटर. त्याचं वर्गमूळ अठ्ठावीसच्या आसपास, आणि अंतर ११५ किलोमीटरच्या जवळ. घरावर तीस-बत्तीस फूट उंच पाइपावर अँटेना असेल तर आणखी १३ किलोमीटर. एकूण १२५ ते १३० किलोमीटर.

आता सरळ रेषेतली अंतरं पाहा. सिंहगडापासून बारामती ९० किलोमीटरच्या आसपास आहे, निमगाव केतकी सव्वाशेच्या आसपास. म्हणजे बारामती या हिशेबात आरामात बसते, आणि निमगाव अगदी काठावर येतं. त्यात मधल्या पुरंदरच्या बाजूच्या डोंगररांगा धरलेल्या नाहीत. हवामान धरलेलं नाही. उंच पाइप, बूस्टर आणि अँटेना फिरवायला छतावर चढलेला मुलगा हे सगळं असेल, तर मुंग्यांनी भरलेलं, येणारं-जाणारं चित्र शक्य होतं. ‘स्वच्छ रंगीत चित्र’ असं कोणी सांगत असेल, तर ती आठवण या सामन्याची आहे का, हे पुन्हा विचारावं.

दुसरी एक तारीख इथे मदतीला येते. इन्सॅट-१बी हा उपग्रह ऑगस्ट १९८३ च्या अखेरीस अवकाशात सोडला गेला, म्हणजे फायनलनंतर दोन महिन्यांनी. त्यामुळे लहान शहरांत छोटे मनोरे उभारणं सोपं झालं, आणि १९८४ मध्ये देशभर ते झपाट्याने उभे राहिले. आपल्या जवळच्या शहरातला मनोरा १९८४ नंतरचा असेल, तर त्या मनोऱ्यावरून ८३ ची फायनल दिसणं शक्यच नाही. कोणता मनोरा कधी सुरू झाला याच्या नोंदी माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या जुन्या वार्षिक अहवालांत आणि संसदेतल्या प्रश्नोत्तरांत मिळतात. दोन्हींचे जुने कागद आता ऑनलाइनही पाहता येतात.

मग लोकांनी नेमकी कोणती फायनल पाहिली?

काठावरच्या गावांत ‘आम्ही पाहिली’ म्हणणारी माणसं खोटं बोलत नसतात. बऱ्याचदा त्यांनी एक फायनल पाहिलेली असते, फक्त ती ८३ ची नसते.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती १० मार्च १९८५ च्या सामन्याशी. ऑस्ट्रेलियात बेन्सन अँड हेजेस वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली आणि मेलबर्नला भारताने पाकिस्तानला ८ गडी राखून हरवलं. रवी शास्त्रीला ऑडी मिळाली आणि सगळा संघ त्या गाडीवर चढून मैदानाला चक्कर मारून आला. तोवर नवे मनोरे आले होते आणि टीव्ही संच वाढले होते. मधल्या दोन वर्षांत किती गावं पहिल्यांदा चित्राच्या टप्प्यात आली असतील, याचा अंदाज १९८४ च्या मनोऱ्यांवरून येतो.

दोन्हींत फरक ओळखायला चार प्रश्न पुरतात. मॅच कधी संपली? ८३ ची मध्यरात्रीच्या सुमारास. मेलबर्नची भारतात सकाळी सुरू होऊन संध्याकाळपर्यंत आटोपली. वार कोणता? ८३ ला शनिवार, ८५ ला रविवार. मैदानावर मोठे दिवे होते का? लॉर्ड्सवर नव्हते, मेलबर्नला होते. आणि खेळाडूंचे कपडे? लॉर्ड्सवर सगळे पांढऱ्यात, मेलबर्नला रंगीत. कृष्णधवल संचावर रंग कळत नसला, तरी कपडे पांढरे नाहीत हे कळायचंच.

घरातल्या थोरल्यांना हे विचारताना ‘८३ ची फायनल पाहिली होती का?’ असा प्रश्न टाकू नये. उत्तर ‘हो’च येतं. ‘टीव्हीवर पाहिलेली पहिली मॅच सांगा, ती कुणाच्या घरी पाहिली, संपली तेव्हा काय वाजले होते?’ असं विचारलं की गाडी, दिवे, जेवणाची वेळ अशा गोष्टी आपोआप येतात. त्यावरून सामना ठरवता येतो.

आवाज : पाहिलं एकाचं, ऐकलं दुसऱ्याचं

पोस्टमधला शेवटचा दावा बाळ ज. पंडित यांच्या आवाजाचा. पंडित स्वतः प्रथम श्रेणी क्रिकेट खेळलेले. आकाशवाणीवर मराठीतून क्रिकेटचं धावतं वर्णन रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घेतलं जातं. पायचीत, यष्टिचीत, षटक, सीमारेषा हे शब्द शाळेत कोणी शिकवले नाहीत. ते अशा वर्णनांतून आणि वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानांतून घरात आले. महाराष्ट्र टाइम्सचे वि. वि. करमरकर यांनी तर दोन्ही बाजू सांभाळल्या, क्रीडा पानही आणि मराठी समालोचनही. पंडित २०१५ मध्ये गेले, करमरकर २०२३ मध्ये.

पण पंडितांची ओळख रेडिओची. लॉर्ड्सवरून आलेली चित्रं बीबीसीची होती, आणि आज त्या सामन्याच्या ज्या खऱ्या क्लिप मिळतात त्यांत समालोचन इंग्रजी आहे. लॉर्ड्सच्या चित्राला मराठी आवाज जोडलेला व्हिडिओ दिसला, तर तो नंतर जोडला आहे असं धरून चालावं.

तरीही या आठवणीला एकदम खोटं ठरवू नये. टीव्हीचा आवाज बंद करून शेजारी ट्रान्झिस्टर लावायची रीत पुढे अनेक वर्षं होती. एखाद्या सामन्यात चित्र दूरदर्शनचं आणि आवाज आकाशवाणीचा हे अगदी शक्य आहे. म्हणून प्रश्न दोन भागांत विचारावा : त्या दिवशी आकाशवाणीवर मराठी वर्णन होतं का, आणि खोलीत रेडिओ चालू होता का? पहिल्याचं उत्तर कागदावर मिळतं, दुसऱ्याचं फक्त त्या खोलीतल्या माणसाकडे.

रेडिओची अशीच दुसरी आठवण १५ मार्च १९७५ ची. क्वालालंपूरला भारताने पाकिस्तानला २-१ ने हरवून हॉकीचा विश्वचषक जिंकला. तो सामना लोकांपर्यंत पोहोचला जसदेव सिंग यांच्या हिंदी समालोचनातून, आकाशवाणीवर. वर्णन इतकं जिवंत होतं की अशोक कुमारचा गोल ‘पाहिला’ असं सांगणारे आजही भेटतात. ‘ऐकला’ आणि ‘पाहिला’ हे शब्द पन्नास वर्षांत सहज अदलाबदल होतात.

कागद कुठला पाहायचा

सगळ्यात भरवशाचा कागद म्हणजे सामन्याच्या दिवशीचं वर्तमानपत्र. दुसऱ्या दिवशीच्या अंकात निकाल सापडतो, पण प्रक्षेपण सापडेलच असं नाही. त्याच दिवशीच्या अंकात आतल्या पानावर ‘आजचे कार्यक्रम’ असा रकाना असायचा, दूरदर्शनचा आणि शेजारी आकाशवाणीचा. चॅनेल आणि भाषा दोन्ही एकाच जागी. पुण्या-मुंबईच्या मोठ्या ग्रंथालयांत दैनिकांच्या जुन्या फायली बांधून ठेवलेल्या असतात. जाताना नेमकी तारीख घेऊन जावं. ‘८३ सालचे पेपर दाखवा’ म्हटलं तर समोर गठ्ठे येतील आणि दिवस जाईल.

एक मर्यादा मात्र आहे. रकान्यात छापलेला कार्यक्रम ऐनवेळी बदलू शकत होता. म्हणून दोन दिवसांनंतरचे अंकही चाळावेत. प्रक्षेपण मध्येच तुटलं किंवा झालंच नाही, तर वाचकांच्या पत्रांत तक्रार हमखास येते.

१९९३ नंतर उत्तर दोन येतात

दूरदर्शन एकटंच होतं तोवर चॅनेलचा प्रश्न सोपा होता. १९९३ च्या हिरो कपच्या वेळी बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीला दिले आणि दूरदर्शनशी वाद कोर्टात गेला. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रसारण लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. त्यानंतर खासगी क्रीडा वाहिन्यांचा रस्ता मोकळा होत गेला.

पुढे २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्र प्रसार भारतीला देणं खासगी वाहिन्यांवर बंधनकारक झालं. त्यामुळे २ एप्रिल २०११ च्या वानखेडेवरच्या फायनलबद्दल एकजण ‘दूरदर्शन’ म्हणतो, दुसरा ‘स्टार क्रिकेट’, आणि दोघंही बरोबर असतात. अशा वेळी भांडण मिटवायला एकच प्रश्न : घरात केबल होती की नुसता अँटेना?

अलीकडच्या दाव्यांत तर ‘चॅनेल’ हा शब्दच अपुरा पडतो. २०२३ च्या आयपीएलला मराठी समालोचन ऐकलेल्या अनेकांनी ते जिओसिनेमावर ऐकलं, म्हणजे ॲपवर. ‘कोणत्या चॅनेलवर होतं?’ याचं खरं उत्तर ‘चॅनेलवर नव्हतं, फोनवर होतं’ असंही असू शकतं.

‘पहिला’ या शब्दालाही जपावं. प्रो कबड्डीचा पहिला सामना २६ जुलै २०१४ ला मुंबईत झाला, यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स, आणि तो स्टार स्पोर्ट्सवर थेट दिसला. इथपर्यंत ठीक. ‘टीव्हीवर दाखवलेला कबड्डीचा पहिला सामना’ असं लिहिलं की वाक्य चुकतं, कारण ‘प्रो कबड्डीतला पहिला’ आणि ‘कबड्डीतला पहिला’ हे वेगळे दावे आहेत.

तर ती पोस्ट कशी लिहावी

निमगाव केतकीच्या ग्रुपवर टाकायची असेल, तर आत्ता हाती असलेल्या पुराव्यावर एवढं लिहिता येतं : ‘२५ जून १९८३ ची फायनल दूरदर्शनने थेट दाखवली. सिंहगडच्या मनोऱ्यापासून आपलं गाव काठावर होतं, त्यामुळे उंच अँटेना असलेल्या घरात अंधुक चित्र आलं असणं शक्य आहे. तेव्हा गावात कुणाकडे टीव्ही होता आणि मॅच संपली तेव्हा किती वाजले होते, हे कुणाला आठवतं का?’ ‘अख्खा गाव एका टीव्हीसमोर’ हे वाक्य त्यात नसेल, म्हणून लाइक कदाचित कमी पडतील. पण खाली येणाऱ्या कमेंटमध्ये कोणीतरी घर सांगेल, कोणीतरी छतावर अँटेना धरून उभं राहिल्याचं सांगेल आणि कोणीतरी म्हणेल, ‘ती ऑडीवाली मॅच होती रे.’